पंपाचा तक्ता मराठीत आणताना

विहिरीवर किंवा बोअरवेलवर कोणता पंप बसवायचा, हे आता बऱ्याच ठिकाणी दुकानदाराच्या संगणकावरचे एक एक्सेल वर्कबुक सांगते. पाणी किती वर चढवायचे, सेकंदाला किती लिटर हवे आणि पाणी कसे आहे, एवढे भरले की खाली मोटारीचे किलोवॅट, पंपाच्या अंगाचा धातू आणि केबलची जाडी येते. एक बटण दाबले की छापायला कोटेशनही तयार होते. हे वर्कबुक बहुधा कारखान्यातल्या एखाद्या अभियंत्याने इंग्रजीत बनवलेले असते. मग तालुक्याच्या विक्रेत्यांसाठी ते मराठीत हवे असते, आणि फाइल भाषांतरकाराकडे येते. सोबत निरोप असतो, ‘फार मजकूर नाही, चार-पाचशे शब्द असतील.’

शब्द खरेच तेवढे असतात. पण ते शब्द म्हणजे नुसता मजकूर नसतो. त्यातले काही माणसाने वाचायचे असतात आणि काही यंत्राने ओळखायचे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कोणता शब्द कुणासाठी आहे हे न पाहता सगळे सरसकट मराठी केले तर वर्कबुक बंद पडते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, बंद न पडता चुकीचे उत्तर देत राहते. हा दुसरा प्रकार मला जास्त गंभीर वाटतो, म्हणून तो एका उदाहरणावर नीट पाहू.

नमुन्यादाखल असे वर्कबुक धरा. त्यात `Input` आणि `Data` अशा दोन शीट आहेत. `Input` शीटवर सेकंदाला ५ लिटर पाणी आणि ६० मीटर हेड भरले आहे. एवढे पाणी एवढे उचलायला लागणारी ताकद म्हणजे ५ गुणिले ६० गुणिले ९.८१, भागिले १०००. उत्तर २.९४ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर मोटारीच्या दांड्यावर ४.९ किलोवॅट लागतात. मोटार अगदी काठोकाठ निवडत नाहीत, थोडी ताकद शिल्लक ठेवतात. ती किती ठेवायची हे आपल्या वर्कबुकात पाण्याच्या प्रकारावरून ठरते. `C6` या सेलमध्ये ड्रॉपडाउन आहे आणि त्यात `Fresh` व `Saline` असे दोन पर्याय आहेत. गोड्या पाण्याला १.१ आणि खाऱ्या पाण्याला १.२५ असा गुणक आहे, आणि त्याचा फॉर्म्युला असा:

```
=IF(C6="Saline",1.25,1.1)
```

खाऱ्या पाण्यासाठी ४.९ला १.२५ने गुणले की ६.१३ येतात. बाजारात मोटारी ३.७, ५.५, ७.५ किलोवॅट अशा टप्प्यांनी मिळतात. ६.१३च्या वरचा टप्पा ७.५चा, म्हणजे दहा एचपीची मोटार. हे उत्तर बरोबर.

आता भाषांतरकाराने ड्रॉपडाउनमधले पर्याय मराठी केले. ‘गोड्या पाण्यासाठी’ आणि ‘खाऱ्या पाण्यासाठी’. भाषा म्हणून त्यात काहीच खोट नाही. दुकानदाराने ‘खाऱ्या पाण्यासाठी’ निवडले. फॉर्म्युला मात्र अजून `Saline` हा शब्द शोधतो आहे. तो सेलमध्ये नाही, म्हणून फॉर्म्युला मुकाट्याने दुसऱ्या पर्यायावर जातो आणि १.१ने गुणतो. उत्तर ५.४० किलोवॅट येते आणि पुढचा टप्पा ५.५चा, म्हणजे साडेसात एचपी. पडद्यावर एकही लाल खूण उमटत नाही. कोटेशन नेटके छापले जाते, आणि खाऱ्या पाण्याच्या बोअरमध्ये निर्मात्याने ठरवलेल्यापेक्षा एक टप्पा लहान मोटार उतरते.

दोष मराठी शब्दाचा नाही. एकाच शब्दाकडून दोन कामे करून घेतली जात होती, हे त्याचे मूळ आहे. `Saline` हा शब्द दुकानदाराला दाखवायचे लेबलही होता आणि फॉर्म्युल्याने ओळखायची खूणही होता. उपाय म्हणजे ही दोन कामे दोन सेलमध्ये वेगळी करणे. `Data` शीटवर पहिल्या स्तंभात मूळ इंग्रजी खुणा तशाच ठेवायच्या, शेजारच्या स्तंभात मराठी लेबले लिहायची, आणि ड्रॉपडाउन त्या मराठी स्तंभावरून घ्यायचे. मग एका सेलला `WaterKey` असे नाव देऊन त्यात मराठी लेबलावरून इंग्रजी खूण काढणारा फॉर्म्युला बसवायचा:

```
=INDEX(Data!$A$2:$A$3,MATCH(Input!$C$6,Data!$B$2:$B$3,0))
```

मूळ फॉर्म्युला मग `=IF(WaterKey="Saline",1.25,1.1)` एवढाच बदलतो. यातली खरी कमाई शेवटच्या शून्यात आहे. `MATCH`मधला तो शून्य सांगतो की तंतोतंत जुळले तरच उत्तर दे. जुळले नाही तर सेलमध्ये `#N/A` येते, ते पुढच्या प्रत्येक हिशेबात पसरते आणि कोटेशनवर मोटारीच्या जागी चूक दिसते. चूक झाली तर ती अशी ओरडून सांगणारी असावी. दुकानदार लगेच फोन करील. ५.५ किलोवॅटचे चुकीचे उत्तर आले तर फोन कुणीच करणार नाही.

मराठीपुरती यात आणखी एक मेख आहे. ‘खाऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. काही कीबोर्ड खालच्या टिंबाचा ऱ घेऊन त्याला हलंत जोडतात, तर काही साधा र, हलंत आणि त्यानंतर न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्हीकडे तोच चंद्रकोरीसारखा अर्धा र दिसतो. पण यादीत एक रूप असेल आणि दुसऱ्या कुणी हाताने दुसरे रूप टाइप केले असेल, तर एक्सेलच्या लेखी ती वेगळी अक्षरमाला ठरू शकते आणि शोध फसू शकतो. तपासणे सोपे आहे. `=LEN(B3)` लिहून अक्षरे मोजा. एकटा ‘खाऱ्या’ हा शब्द पहिल्या रूपात ६ भरतो आणि दुसऱ्या रूपात ७. म्हणून लेबल एकदाच, एकाच सेलमध्ये टाइप करावे आणि बाकी सगळीकडे त्या सेलचा संदर्भ द्यावा. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याचा’, ‘चौऱ्याऐंशी’ अशा शब्दांनी भरलेल्या आपल्या भाषेत ही काळजी रोज लागते.

याद्यांच्या क्रमाचाही असाच प्रश्न येतो. धातूंची यादी इंग्रजीत `Bronze`, `Cast Iron`, `Stainless Steel` अशी आहे आणि प्रत्येकापुढे दर आहे. जुन्या वर्कबुकांमध्ये दर शोधायला `VLOOKUP` वापरलेले असते आणि त्याचा चौथा भाग रिकामा सोडलेला असतो. तो रिकामा असला की एक्सेल अंदाजाने जुळवते. त्यासाठी यादी वर्णानुक्रमे लावलेली आहे असे ते गृहीत धरते, मधली ओळ पाहते आणि मग वर किंवा खाली वळते. इंग्रजी यादी वर्णानुक्रमे आहे, त्यामुळे वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. भाषांतरानंतर यादी ब्राँझ, कास्ट आयर्न, स्टेनलेस स्टील अशी होते. क आता ब-च्या खाली आला, म्हणजे क्रम मोडला. कुणी ब्राँझ मागितले की एक्सेल मधल्या ‘कास्ट आयर्न’वर जाते, ब हा क-च्या पुढचा म्हणून खाली वळते, तिथे ‘स्टेनलेस’चा स पुढे गेलेला दिसतो, म्हणून परत येऊन कास्ट आयर्नचा दर हातात ठेवते. पुन्हा तेच. चूक दिसत नाही, आकडा मात्र दुसऱ्याच धातूचा. अशा प्रत्येक ठिकाणी चौथा भाग `FALSE` लिहून घ्यावा. मूळ फाइलमध्ये हात घालायची परवानगी नसेल तर निदान अभियंत्याला लेखी कळवावे.

हे शब्द सापडणार कुठे? भाषांतरकार बहुधा एखादे भाषांतर-सॉफ्टवेअर वापरतो. ते फाइलमधली वाक्ये काढून एकाखाली एक दाखवते. पण `.xlsx` किंवा `.xlsm` फाइल ही मुळात एक झिप असते आणि तिच्या पोटात अनेक लहान फाइली असतात. सेलमध्ये टाइप केलेला मजकूर त्यांपैकी एकीत, `sharedStrings.xml` मध्ये, गोळा केलेला असतो, आणि ही सॉफ्टवेअरे प्रामुख्याने तोच समोर ठेवतात. फॉर्म्युल्याच्या आतला `"Saline"` त्या शीटच्या फाइलमध्ये असतो. ड्रॉपडाउनच्या खिडकीत थेट टाइप केलेली यादीही तिथेच असते. आकड्यापुढे दिसणारे `m` किंवा `bar` हे `styles.xml` मध्ये, आणि मॅक्रो `vbaProject.bin` नावाच्या बंद डबीत. म्हणून सॉफ्टवेअरने शंभर टक्के काम झाल्याचे दाखवले तरी फाइलचे काम झालेले नसते. आधी वर्कबुक एक्सेलमध्ये उघडून `Ctrl` आणि `` ` `` ही कळ दाबावी. सेलमध्ये उत्तरांऐवजी फॉर्म्युले दिसू लागतात. अवतरणचिन्हांत असलेला प्रत्येक शब्द टिपून घ्यावा. कोणत्या शब्दाला हात लावायचा नाही, याची यादी भाषांतर सुरू होण्याआधी अशी तयार होते.

एककांचे प्रकरण थोडे वेगळे आहे. हेडच्या सेलमध्ये `60.0 m` दिसते, पण सेलमध्ये फक्त ६० हा आकडा आहे. `m` हे अक्षर सेलच्या फॉरमॅटने वरून घातलेले आहे. हे न ओळखता कुणी त्या जागी ‘६० मी.’ असे टाइप केले, तर तो आकडा उरत नाही, मजकूर होतो. त्याला गुणायला गेलेला फॉर्म्युला `#VALUE!` देतो, ते एक वेळ बरे. पण `SUM` मजकूर गुपचूप गाळून बाकीच्यांची बेरीज करते. पाइपच्या पाच लांब्यांपैकी एक मजकूर झाली तर एकूण लांबी तेवढी कमी, आणि तक्रार काहीच नाही. बरोबर रीत अशी: सेलवर उजवे क्लिक करून फॉरमॅट सेल्स उघडावे, त्यातल्या कस्टममध्ये जावे आणि `0.0" m"` च्या जागी हे लिहावे:

```
0.0" मी."
```

आकडा आकडाच राहतो आणि एकक मराठी होते. आकडेही देवनागरीत हवे असतील तर तेही फॉरमॅटनेच करावे. `[$-4000439]0` असा फॉरमॅट दिला की सेलमध्ये 60 असूनही पडद्यावर ६० दिसते. ही खूण हिंदीच्या नावाने नोंदलेली असली तरी अंक देवनागरीच उमटतात. तांत्रिक तक्त्यात मात्र मी शक्यतो इंग्रजी आकडेच ठेवते. पंपाच्या नावपट्टीवर तेच कोरलेले असतात आणि दुकानदाराला दोन्ही ताडून पाहायचे असतात.

फॉरमॅटची उलट बाजू जर्मन फाइलींत दिसते. पुण्यात जर्मन यंत्रांची कागदपत्रे हाताळणाऱ्यांना ती ओळखीची आहे. जर्मन एक्सेलमध्ये `IF`ला `WENN` आणि `VLOOKUP`ला `SVERWEIS` म्हणतात, पण फाइलमध्ये ती नावे इंग्रजीतच साठवलेली असतात. त्यामुळे आपल्याकडे फाइल उघडली की ती आपोआप इंग्रजी होतात, त्यांना हात लावायची गरज नसते. अडते ते `TEXT(A1,"TT.MM.JJJJ")` सारख्या ठिकाणी. अवतरणचिन्हांतली ती दिवस-महिना-वर्षाची जर्मन अक्षरे एक्सेल बदलत नाही, आणि आपल्याकडच्या संगणकावर वर्षाच्या जागी नुसते `JJJJ` छापले जाते. तिथे `"DD.MM.YYYY"` लिहावे लागते. नियम पुन्हा तोच आहे: अवतरणचिन्हांच्या आत काय आहे ते माणसाने पाहायचे.

आता मॅक्रो. कोटेशनच्या बटणामागे ही ओळ आहे असे समजा:

```
If Worksheets("Data").Range("D2").Value = "Saline" Then
```

शीटचे नाव बदलून कुणी ‘माहिती’ केले, तर फॉर्म्युल्यांतले संदर्भ एक्सेल स्वतः बदलते. मॅक्रोमधले `"Data"` मात्र तसेच राहते आणि बटण दाबल्यावर नऊ क्रमांकाची चूक येते, `Subscript out of range`. `INDIRECT("Data!B2")` सारख्या फॉर्म्युल्याचेही तेच होते, कारण तिथेही शीटचे नाव अवतरणचिन्हांत आहे. मग मॅक्रोतही ‘माहिती’ लिहावे असे वाटेल. पण मॅक्रो लिहायची खिडकी जुन्या धाटणीची आहे आणि तिला देवनागरी कळत नाही. तिथे मराठी शब्द टाकला की त्याची प्रश्नचिन्हे होतात. `MsgBox` ने दाखवलेल्या संदेशाचीही तीच गत. हे फॉन्ट बदलून सुटत नाही.

मार्ग असा की मॅक्रोमध्ये मराठी लिहायचेच नाही. प्रत्येक शीटला दुसरे एक आतले नाव असते. मॅक्रोच्या खिडकीत शीट निवडली की गुणधर्मांच्या चौकटीत `(Name)` पुढे ते दिसते. ते `shtData` असे ठेवले की बाहेरचे नाव काहीही करा, मॅक्रोला फरक पडत नाही. पाण्याच्या प्रकाराची खूण `WaterKey` या सेलमध्ये आधीच आहे. तो सेल `Data` शीटवर असला की ओळ अशी होते:

```
If shtData.Range("WaterKey").Value = "Saline" Then
```

दुकानदाराला दाखवायची मराठी वाक्ये एका शीटवर ओळीने लिहावीत. ‘हेड भरलेले नाही’, ‘या हेडसाठी पंप उपलब्ध नाही’ अशी ती वाक्ये मॅक्रोने तिथून उचलून कोटेशनच्या एका ठळक सेलमध्ये टाकावीत. सेलमध्ये देवनागरी बिनदिक्कत उमटते. मॅक्रोमधली ही दुरुस्ती अभियंत्यानेच केलेली बरी. भाषांतरकाराने कोणती ओळ आणि का, हे सांगावे. मॅक्रोवर डिजिटल सही असेल तर एक अक्षर बदलले तरी ती सही रद्द होते, आणि पुन्हा सही करायचा अधिकार भाषांतरकाराकडे नसतो.

मॅक्रो हरवण्याचे आणखी दोन साधे मार्ग आहेत. फाइल `.xlsx` म्हणून जतन केली की मॅक्रो निघून जातात. एक्सेल विचारते, पण घाईत ‘होय’ दाबले जाते. दुसरे असे की २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो एक्सेल मुळातच चालू देत नाही. मेलने पाठवलेली, अगदी ठीक असलेली फाइल दुकानात बंद पडलेली वाटते. फाइल विश्वासाच्या माणसाकडून आली असेल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकवर खूण करावी. हे दुकानदाराला आधीच कळवलेले बरे.

दिसण्याच्या अडचणी सोप्या असतात, कारण त्या दिसतात. मराठीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात म्हणून ओळींची उंची वाढवावी लागते. शीटचे नाव ३१ अक्षरांपेक्षा मोठे चालत नाही आणि काना-मात्राही त्यात मोजली जाते. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मात्र हे काम करूच नये. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, पण खाली इतर चिन्हेच साठवलेली असतात, आणि ड्रॉपडाउनची यादी सेलचा फॉन्ट वापरत नाही. दुकानदाराने बाण दाबला की त्याला अगम्य चिन्हांची रांग दिसते.

शेवटी तपासणी. या कामाचे मोल तिच्यातच आहे असे मी म्हणेन. मूळ इंग्रजी फाइल आणि मराठी फाइल शेजारी-शेजारी उघडावी. दोन्हींत तेच ५ लिटर आणि ६० मीटर भरावे. मग ड्रॉपडाउनमधला प्रत्येक पर्याय एकदा तरी निवडून पाहावा. दोन प्रकारचे पाणी आणि तीन धातू, म्हणजे सहा जोड्या. प्रत्येक जोडीला `Ctrl`, `Alt` आणि `F9` एकत्र दाबून सगळा हिशेब नव्याने करवून घ्यावा आणि दोन्ही फाइलींतले आकडे शेवटच्या दशांशापर्यंत ताडावेत. फक्त पहिला पर्याय तपासला तर गोड्या पाण्याचे उत्तर बरोबरच येते. आपल्या उदाहरणातली चूक फक्त खाऱ्या पाण्यात होती. त्यानंतर एकदा मुद्दाम चुकीचे लेबल दुसऱ्या सेलमधून कॉपी करून पेस्ट व्हॅल्यूजने टाकून पाहावे. `#N/A` आले तर वर्कबुक सुरक्षित आहे. आकडा आला तर कुठेतरी एखादा इंग्रजी शब्द अजून दोन्ही कामे करतो आहे.

यात जाणारा वेळ शब्दांवर मोजता येत नाही. म्हणून काम देणाऱ्यांना एक विनंती. चारशे शब्दांचा दर ठरवण्याआधी मॅक्रो असलेली मूळ `.xlsm` फाइल द्या, तिचा पासवर्ड द्या, वर्कबुक बनवणाऱ्या अभियंत्याचा फोन द्या, आणि सहाही जोड्यांची बरोबर उत्तरे छापून द्या. आणि वर्कबुक नव्याने बनवणार असाल, तर `Data` शीटवर खुणांचा एक आणि लेबलांचा एक, असे दोन स्तंभ पहिल्या दिवसापासून ठेवा.